‘इक्विव्हॅलंट अॅन्युअल अॅन्युइटी’ला मराठीत काय म्हणायचं?

अनघा, बेती
मालिम जेटीवर आमच्या काकांचं बोटींना बर्फाचा चुरा पुरवायचं काम आहे. लाद्या बाहेरून येतात, चुरा आम्ही करतो. आताचा क्रशर गंजून गेलाय, नवा घ्यायचा आहे. दोन कोटेशनं आली आहेत. साध्या लोखंडाचा, रंग दिलेला क्रशर २,४०,००० रुपयांना मिळतो, खाऱ्या वाऱ्यात तो ३ वर्षं टिकेल असं धरलंय. स्टेनलेस स्टीलचा ३,९०,००० चा आहे, तो ५ वर्षं. वीज, दात आणि बेअरिंग बदलणं मिळून पहिल्याला वर्षाला ६०,००० खर्च येतो, दुसऱ्याला ४५,०००.

आमच्या हिशेबनिसांनी दिलेल्या टिपणात ‘इक्विव्हॅलंट अॅन्युअल अॅन्युइटीने तुलना करावी’ असं एक वाक्य आहे. काकांना सगळं मराठीत लिहून द्यायचंय. शब्दकोशात अॅन्युइटीला ‘वार्षिकी’ मिळालं. ‘समतुल्य वार्षिकी’ लिहिलं तर काकांना काही कळेल का?

सुहासिनी, म्हापसा
अॅन्युइटी म्हणजे पेन्शन गं. विम्याच्या पॉलिसीत एकरकमी पैसे भरले की दर वर्षी ठरावीक रक्कम येत राहते, तिला वार्षिकीच म्हणतात. आमच्याकडे जुना शब्द वर्षासन. देवळांना, भटजींना वर्षासनं लावून दिलेली असत. पण तुमच्या काकांना यातून पैसे मिळणार आहेत की द्यायचे आहेत? मशीन घेतल्यावर पेन्शन कसलं, ते काही मला उमगलं नाही.

दिलीप, डिचोली
मराठीत सरळ ‘सरासरी वार्षिक खर्च’ म्हणा. किंमत भागिले वर्षं, त्यात चालवण्याचा खर्च मिळवायचा. लोखंडी ८०,००० अधिक ६०,००० म्हणजे १,४०,०००. स्टेनलेस ७८,००० अधिक ४५,००० म्हणजे १,२३,०००. स्टेनलेस वर्षाला १७,००० नी स्वस्त. विषय संपला.

अनघा, बेती
टिपणात तर उलटं दिसतंय, दिलीपदादा. आजच्या किमतीत एकूण खर्च लोखंडीचा ३,८४,००० आणि स्टेनलेसचा ५,५२,००० लिहिलाय. काकांनी तेवढंच वाचलं आणि म्हणाले, मग लोखंडीच घे. पुढच्या वर्षांचे खर्च आजच्या किमतीत आणायला व्याजदर १२ टक्के धरलाय.

शशिकांत, फोंडा
अनघा बाय, ते दोन आकडे बरोबर आहेत, पण शेजारी शेजारी ठेवून बघायचे नाहीत. ३,८४,००० मध्ये तीन वर्षं चुरा मिळतो, ५,५२,००० मध्ये पाच वर्षं. चौथ्या वर्षी लोखंडीवाल्याकडे मशीनच नसतं, पण बोटी तर बर्फ मागणारच. म्हणून दोन्ही खर्च एकेका वर्षावर आणायचे. दिलीपनी तेच केलं, आणि त्याचा रोखही बरोबर आहे. चूक ‘सरासरी’ शब्दात आहे. भागाकार केला की व्याज गळून पडतं.

लोखंडीचंच बघा. २,४०,००० आज एकदम गुंतले. ते १२ टक्क्यांनी तीन सारख्या वार्षिक हप्त्यांत सुटायचे असतील तर हप्ता ९९,९२४ रुपये येतो, ८०,००० नाही. ताळा करून बघा. पहिल्या वर्षाचं व्याज २८,८००. हप्ता दिल्यावर बाकी १,६८,८७६. तिच्यावर व्याज २०,२६५, दुसरा हप्ता दिला की बाकी ८९,२१७. तिच्यावर व्याज १०,७०६, आणि तिसऱ्या हप्त्यात खातं मिटतं, रुपयाभराचा फरक सोडला तर. वर्षाचे चालवायचे ६०,००० मिळवले की लोखंडी पडतं १,५९,९२४ ला. स्टेनलेसचा पाच वर्षांचा हप्ता १,०८,१९०, त्यात ४५,००० मिळवले की १,५३,१९०. म्हणजे स्टेनलेस स्वस्त, पण वर्षाला ६,७०० च्या आसपास. दिलीपला दिसतात तसे १७,००० नाही.

एक्सेलमध्ये करायचं तर:

```
=PMT(12%,3,-240000)+60000
=PMT(12%,5,-390000)+45000
```

सुहासिनीताईंचं पेन्शन इथे अगदीच परकं नाही. विम्यात एकरकमी देऊन वार्षिक रक्कम घेतात, तेच गणित. इथे फक्त ती रक्कम आपल्या खिशातून जाते. म्हणून मी ‘वार्षिकी’ लिहिणार नाही, ‘समतुल्य वार्षिक खर्च’ लिहीन. दोन्ही मशिनांची कमाई वेगवेगळी असती आणि खर्च वजा जाता निव्वळ नफ्याची तुलना असती, तर ‘वार्षिकी’ शोभलं असतं. तिथे मोठा आकडा चांगला, इथे लहान. हा फरक शब्दात दिसला नाही तर वाचणारा उलटा निर्णय घेऊन बसतो.

दिलीप, डिचोली
शशिकांत बाब, हप्ता कर्ज काढणाऱ्याला. अनघाचे काका स्वतःचे पैसे घालणार असतील तर व्याज कोणाला द्यायचं?

शशिकांत, फोंडा
कोणाला द्यायचं नसलं तरी ते सोडावं लागतं. तेच पैसे मुदत ठेवीत ठेवले असते तर व्याज आलं असतं. काकांचे पैसे एरवी ७ टक्क्यांवर पडून राहणार असतील तर दर ७ धरा. मग लोखंडी १,५१,४५२ आणि स्टेनलेस १,४०,११७ होतं, म्हणजे फरक ११,००० च्या वर जातो. उलट पैशाची चणचण असून २० टक्क्यांनी पैसे उचलावे लागत असतील तर पारडं फिरतं. लोखंडी १,७३,९३४ आणि स्टेनलेस १,७५,४०८, म्हणजे लोखंडी थोडं स्वस्त. दर चढला की आधी जास्त पैसे मागणारं मशीन मागे पडतं. काकांचा खरा दर कोणता ते आधी विचारा, शब्द नंतर ठरवू.

ललिता, मडगाव
शब्द नंतर का, चर्चा तर शब्दाचीच आहे! मी मराठी शिकवते, त्या अंगाने सांगते. ‘समतुल्य’ बरोबर असला तरी काका त्याच्यापाशी अडखळतील. शशिकांत काकांनी समजावताना स्वतः तो वापरला नाही, ‘हप्ता’ म्हणाले. ‘वार्षिक हप्त्याने पडणारा खर्च’ असं का नाही लिहायचं? हप्ता म्हटलं की व्याज आलंच, ते वेगळं सांगावं लागत नाही.

रघुनाथ, वाळपई
माझी गोष्ट सांगतो. काजू फोडायच्या दोन मशिनांत मी असाच हिशेब मांडला होता. महागडं मशीन आठ वर्षं टिकणारं, वर्षाला स्वस्त पडलं म्हणून घेतलं. जागा भाड्याची होती. तिसऱ्या वर्षी मालकाने करार पुढे वाढवला नाही. नव्या जागेत ते मशीन मावेना, आलं त्या भावाला काढून टाकलं. हिशेब बरोबर होता, पण मशीन आठ वर्षं वापरणार हेच खोटं ठरलं. अनघाताई, जेटीवरची जागा तुमच्याकडे किती दिवस आहे?

अनघा, बेती
जागेचा करार तीन वर्षांचाच आहे. आजवर दर वेळी वाढत आलाय, पण पुढचं कोणी लिहून देत नाही.

शशिकांत, फोंडा
रघुनाथनी मुद्द्यावर बोट ठेवलं. ही पद्धत गृहीत धरते की मशीन संपलं की त्याच किमतीला तसंच दुसरं घेणार आणि काम असंच चालू राहणार. लोखंडी पाचदा आणि स्टेनलेस तीनदा घेतलं की दोघांची पंधरा वर्षं भरतात. एवढं लांबलचक गणित करायला नको म्हणून वर्षाचा आकडा काढतात. तीन वर्षांनी काम बंद होणार असेल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि फक्त तीनच वर्षं बघा.

१२ टक्क्यांनी तीन वर्षांत लोखंडीचे आजच्या किमतीत ३,८४,११० जातात आणि स्टेनलेसचे ४,९८,०८०. फरक १,१३,९७०. तो भरून काढायला तीन वर्षं वापरलेलं स्टेनलेसचं मशीन तेव्हा साधारण १,६०,००० ला विकलं जायला हवं. काकांना हाच प्रश्न विचारा: तीन वर्षांनी हे मशीन एक लाख साठ हजारांना कोणी घेईल? जेटीवर वावरणाऱ्या माणसाला याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

अजून एक. आयुष्याची वर्षं कुणी सांगितली? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा क्रशर फिरत नाही, म्हणून काही जण त्याचं आयुष्य वाढवून धरतात. दात आणि बेअरिंगच्या बाबतीत ते खरं आहे, ते फिरण्याने झिजतात. सांगाडा मात्र पावसाळ्यात उभ्या उभ्या गंजतो, गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, ग्रीस लावून ठेवला नाही तर जास्तच. रघुनाथच्या काजूच्या मशिनाचं आयुष्य किती पोती फुटली त्यावर मोजता येईल, तुमच्याचं कॅलेंडरवर. आणि स्टेनलेस म्हणजे कोणतं तेही बघून घ्या. ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडू शकतात, ३१६ जास्त टिकतं, पण महाग असतं. पाच वर्षं हा विकणाऱ्याचा आकडा असेल तर चारनेही हिशेब करून बघा.

दिलीप, डिचोली
केला मी चारने. ३,९०,००० चा चार वर्षांचा हप्ता १२ टक्क्यांनी १,२८,४०१ येतो. वर ४५,००० म्हणजे १,७३,४०१. लोखंडी १,५९,९२४. एक वर्ष कमी झालं आणि निकाल फिरला! व्याजदराने एवढा हलत नव्हता.

शशिकांत, फोंडा
म्हणूनच आधी कोटेशनवरचं ग्रेड वाचा.

सुहासिनी, म्हापसा
आता समजलं. पण मला ललिताताईंचा ‘हप्ता’ खटकतोय. मशिनाच्या कागदावर हप्ता वाचला की आमच्यासारख्यांना कर्ज काढलंय असंच वाटणार. दिलीपना वाटलं तसंच.

ललिता, मडगाव
हे मान्य आहे. मग ‘व्याजासह वार्षिक खर्च’ कसं वाटतं?

शशिकांत, फोंडा
काकांच्या टिपणाला पुरेल. बँकेत द्यायच्या प्रकल्प अहवालात मात्र मी ‘समतुल्य’ ठेवीन, कारण ‘व्याजासह’ म्हटलं की तिथे लगेच कर्जाचा तक्ता मागतात.

अनघा, बेती
स्टेनलेसच्या कोटेशनवर ग्रेड लिहिलेलंच नाही, नुसतं ‘एसएस बॉडी’ आहे. उद्या विचारून घेते. काकांना १,६०,००० चा प्रश्न विचारला, तर म्हणाले, जुना क्रशर जेटीवर कोणी विकत घेत नाही, भंगारात वजनावर जातो. लोखंडाचा आणि स्टेनलेसचा भंगाराचा भाव वेगळा असतो म्हणे. तो दोन्हीकडे धरायला हवा ना, शशिकांत काका?

शशिकांत, फोंडा
हो, दोन्हीकडे, आणि शेवटच्या वर्षात. पाच वर्षांच्या हिशेबात त्याने स्टेनलेसला थोडं बळ मिळेल. पण एक लाख साठ हजार भंगारातून निघणार नाहीत, तेव्हा करार वाढणार की नाही हे काकांनाच ठरवावं लागेल.