मदत हवी आहे: क्यूएलईडी आणि मिनी एलईडी यात घ्यायचं काय?

शंतनू_५५
दोन टीव्ही बघून ठेवलेत, दोन्ही ५५ इंची, दोन्ही फोर-के. एकाच्या खोक्यावर 'क्यूएलईडी' आहे, दुसऱ्यावर 'मिनी एलईडी'. विक्रेता म्हणतो दोन्ही एकच. मग दुसरा इतका महाग का? उद्यापर्यंत ठरवायचं आहे. कृपया सरळ एक नाव सांगा.

रानपाखरू
खोली कशी आहे? उजेडाची की अंधारी? बघता काय, क्रिकेट की रात्री सिनेमे? यातलं काहीच न सांगता नाव कसं सांगणार?

गजाननराव
क्यूएलईडीच घ्या. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, त्यामुळे काळा रंग अगदी काळा दिसतो. माझ्याकडे तीन वर्षं आहे, रंग बघत राहावेत असे.

दिवाबत्ती
गजाननराव, रंगांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण स्वतः उजेड देतो तो ओएलईडी. क्यूएलईडी हा साधा एलसीडीच असतो. मागे निळे दिवे, त्यांच्यापुढे क्वांटम डॉटचा पातळ पडदा. हे कण काही नॅनोमीटरचे असतात. ते निळ्या उजेडाचा काही भाग लाल आणि हिरव्यात बदलतात. मोठा कण लाल देतो, त्याहून लहान हिरवा. त्यामुळे रंग शुद्ध आणि गडद दिसतात. पण मागचे दिवे किती आहेत आणि ते वेगवेगळे मंद होतात का, याबद्दल ते लेबल काहीच सांगत नाही. मिनी एलईडी हे लेबल नेमकं त्या दिव्यांबद्दल आहे. म्हणजे हे दोन प्रश्न वेगळे, आणि एकाच टीव्हीत दोन्ही असू शकतात. शंतनू, तुमच्या दुसऱ्या टीव्हीतही क्वांटम डॉट असतील, खोक्याची दुसरी बाजू वाचा.

मीनल_का
आमच्या टीव्हीचा आवाज फार बारीक येतो, त्यासाठी साउंडबार घ्यावा का? इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही.

शंतनू_५५
ताई, वेगळा धागा काढा ना. सांगायचं राहिलं: बघणं रात्री, दिवे बंद करून, बहुतेक सबटायटल असलेले सिनेमे. दुसऱ्यावर खरंच बारीक अक्षरात क्वांटम डॉट लिहिलंय!

रानपाखरू
मग मिनी एलईडी घ्या, विषय संपला.

दिवाबत्ती
संपला नाही. मिनी म्हणजे दिवे लहान, म्हणून संख्येने जास्त. पण ते एकेकटे नाही, गटाने मंद होतात. त्या गटांना झोन म्हणतात, आणि खरा फरक झोनच्या संख्येत आहे. ५५ इंची पडदा साधारण १२२ बाय ६८ सेंटिमीटर. ५०० झोन असतील तर एकेका झोनच्या वाट्याला जेमतेम चार सेंटिमीटरचा चौकोन येतो. ६० असतील तर बाराएक सेंटिमीटरचा, बशीएवढा. आता काळ्या आभाळावर एक चांदणी आली, की तिच्यासाठी तो अख्खा चौकोन उजळतो. एलसीडी उजेड पूर्ण अडवू शकत नाही, म्हणून भोवती धुरकट वलय दिसतं. सबटायटलभोवती हे सगळ्यात जास्त खटकतं, तुमचा त्रास तोच असणार.

गजाननराव
मला कधी वलय दिसलं नाही.

दिवाबत्ती
दिवे चालू ठेवून बघत असाल तर सहसा दिसत नाही. किंवा तुमच्या टीव्हीत दिवे फक्त कडेला असतील. मग वलयाऐवजी सगळा काळा भागच राखाडी होतो, आणि नजर त्याला सरावते.
शंतनू, दुकानात दोन गोष्टी करा. चित्राच्या सेटिंगमध्ये Local Dimming शोधा. काही कंपन्या वेगळं नाव देतात, पण तसा पर्यायच नसेल तर झोन नसण्याची शक्यता मोठी. मग पेन ड्राइव्हवरून काळ्या पडद्यावर फिरणाऱ्या पांढऱ्या ठिपक्याचा व्हिडिओ लावा, आणि समोरून तसंच बाजूनेही बघा. झोनची संख्या खोक्यावर बहुतेकदा नसते, म्हणून डोळ्यांवरच भिस्त.

शंतनू_५५
करून आलो. पहिल्यात तो पर्यायच नाही, ठिपका लावल्यावर अख्खा पडदा राखाडी. दुसऱ्यात समोरून वलय छोटं, पण बाजूला सरकलो की चांगलं मोठं होतं. आमचा सोफा टीव्हीच्या काटकोनात आहे.

दिवाबत्ती
बाजूने मोठं होतं म्हणजे बहुधा व्हीए पॅनल. समोरून त्याचा काळा चांगला, कडेने मावळतो. सोफा हलवता येईल का?

रानपाखरू
किंवा थेट ओएलईडी. त्यात मागे दिवेच नाहीत, वलयाचा प्रश्नच नाही.

गजाननराव
आणि सतत एकच चॅनल लावलं की त्यावर चॅनलचा लोगो उमटून राहतो, त्याचं काय?

शंतनू_५५
सोफा हलवायचं घरी विचारतो. पहिला टीव्ही यादीतून काढला.