विषय: वहिनीची शुगर ‘नॉर्मल’ आली, पण एचबीएवनसी 6.1

मृणाल (सध्या मुलुंडला):
नमस्कार मंडळी. दोन आठवड्यांसाठी घरी आले आहे. दादा-वहिनींचं वर्षानुवर्षं राहिलेलं चेकअप या वेळी करून घेतलं. लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला. वहिनी 33 वर्षांची. उपाशीपोटी साखर 97, एचबीएवनसी 6.1, हिमोग्लोबिन 9.4. रिपोर्टवर साखरेसमोर नॉर्मल लिहिलंय आणि एचबीएवनसीसमोर लाल बाण आहे. 2021 मध्ये बाळाच्या वेळी सातव्या महिन्यात ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी 158 आली होती. पथ्यावर निभावलं, औषध लागलं नाही. बाळंतपणानंतर कुणी पुन्हा तपासायला सांगितलं नाही. या वयात यामागे लागायचं का? दादा 37 चा आहे, त्याचं कोणत्या वयापासून काय करावं?

अविनाशकाका:
मृणाल, साखर, कोलेस्टेरॉल वगैरे चाळिशीनंतर दरवर्षी करावं, त्याआधी उगाच सुया कशाला टोचायच्या? आणि साखरेचं म्हणशील तर हल्ली एचबीएवनसी एकच पुरते. तीन महिन्यांची सरासरी कळते, उपाशी राहायला नको. 6.1 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडे. गोड कमी करायला सांग, झालं.

नीलिमाताई (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट):
काका, एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही हे अगदी बरोबर. पण ती या बाईंसाठी भरवशाची नाही, आणि चाळिशीची मर्यादाही त्यांना लागू पडत नाही.

आधी वयाचं. गरोदरपणात साखर वाढली होती म्हणजे त्यांचं तपासणीचं वेळापत्रक बाळंतपणाच्या दिवशीच सुरू झालं. बाळ साधारण दीड ते तीन महिन्यांचं असताना ग्लुकोज पिऊन तपासणी व्हायला हवी होती आणि त्यानंतर एक ते तीन वर्षांनी, जन्मभर. ती राहून गेली, कारण तेव्हा सगळं घर बाळाच्या लशींच्या तारखा सांभाळत असतं आणि आईच्या हातात वेगळा कागद कुणी देत नाही. असं काही नसतं तरी आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात साखर आणि बीपी 30 पासूनच तपासतात. भारतीयांना मधुमेह लवकर गाठतो, त्यामुळे मला ते वय योग्य वाटतं. आई-वडिलांना मधुमेह असेल किंवा पोटाचा घेर बाईचा 80, पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या वर असेल, तर तिशीचीही वाट पाहू नये.

आता 6.1 चं. हिमोग्लोबिन 9.4 आहे. लोह कमी असलं की तांबड्या पेशी जास्त दिवस रक्तात राहतात, त्यांवर साखर चिकटत राहते आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. लोह सुरू केल्यावर नव्या पेशी येतात आणि तोच आकडा खाली येतो. मध्येच तपासलं तर पथ्यामुळे उतरला असं वाटून फसगत होते. थॅलेसेमिया मायनर असेल तरीही गोंधळ होतो, म्हणून लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनबरोबर तेही पाहून घ्या.

आणि 97 वरही लगेच विसंबू नका. रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि लॅबमध्ये पोचल्याची अशा दोन वेळा छापलेल्या असतात, त्या बघून कळवाल का? साखरेची नळी कोणत्या रंगाच्या बुचाची होती?

मृणाल:
ताई, घेतला 7.10 ला, पोचला 10.40 ला! वहिनी म्हणते एकच पिवळ्या बुचाची आणि एक जांभळ्या बुचाची नळी होती.

नीलिमाताई:
मग राखाडी बुचाची नव्हती. त्या नळीत फ्लोराइड असतं, ते पेशींना साखर खाऊ देत नाही. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर खातात, उकाड्यात थोडी जास्तच. म्हणजे मुळात 112-115 असलेली साखर साडेतीन तासांत शंभराच्या आत येऊ शकते. तुमची आलीच असं मी म्हणत नाही. पण ही साखर खाली ढकलली गेली असेल आणि एचबीएवनसी वर, तर दोन्ही आकडे बाजूला ठेवलेले बरे.

ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करा, लॅबमध्ये जाऊन. आधीचे तीन दिवस नेहमीसारखा भात-पोळी खाऊ द्या. पीठ-भात सोडून डाएट केलेल्यांची साखर या तपासणीत खोटी वाढलेली दिसते. रात्रभर आठ-दहा तास फक्त पाणी. सकाळी रक्त, मग 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. वेळ पहिल्या घोटापासून मोजायची. बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त, तोवर तिथेच बसून राहायचं. ‘मधल्या वेळात स्टेशनपर्यंत जाऊन येते’ नको, चालण्यानं साखर उतरते. उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी नव्यानं. घरच्या नाश्त्यानंतरची पीपी तिच्या जागी चालत नाही, कारण कुणाच्या दोन इडल्या असतात, कुणाच्या चार.

दोन तासांनंतर 140 च्या आत असेल तर ठीक. 140 ते 199 म्हणजे सीमेवर. 200 किंवा वर, किंवा उपाशीपोटी 126 किंवा वर गेली, तर मधुमेह. मात्र त्रास काही नसताना एकाच आकड्यावर शिक्का मारू नये, दुसऱ्यांदा खात्री करतात.

अविनाशकाका:
नळीचं हे ठाऊक नव्हतं. पण आमच्या लॅबच्या कागदावर उपाशीपोटी 110 पर्यंत नॉर्मल छापतात, तुम्ही शंभर धरताय.

नीलिमाताई:
काका, जागतिक आरोग्य संघटना सीमेची सुरुवात 110 ला मानते, अमेरिकन मधुमेह संघटना 100 ला. डॉक्टरांतही एकमत नाही. 100 ते 109 मध्ये मी घाबरवत नाही, पण दोन तासांचा आकडा पाहिल्याशिवाय सोडतही नाही.

श्रीधरकाका (सिडनी):
माझं बीपी सकाळी चहानंतर लगेच मोजलं की 150 येतं, दवाखान्यात 134. वय 71. मशीन बदलू का?

नीलिमाताई:
काका, प्रश्न मृणालच्या घरचा होता, पण तुमचंही सांगते. चहाच्या आधी मोजा, किंवा नंतर अर्धा तास थांबा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, गप्प बसा. दंडाचा घेर टेपनं मोजा. 32 सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यात आकडा खोटा वाढतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी 135/85 च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र स्वतःहून बदलू नका.

मृणाल, दादाचंही बीपी असंच मोजा. बीपी खरं तर अठराव्या वर्षापासून मोजायचं, चांगलं असेल तर तीन-पाच वर्षांनी, चाळिशीपासून दरवर्षी.

मृणाल:
वहिनीची गुरुवारी ठरली. दादाचं कोलेस्टेरॉल? बाबांना 52 व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता.

नीलिमाताई:
हे आधीच सांगायला हवं होतं! वडिलांना 55 च्या आत हृदयविकार म्हणजे मुलांनी थांबायचं नाही. कोलेस्टेरॉल एरवीही विशीत एकदा बघायचं असतं. त्याला उपाशी राहायची गरज नसते. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करायचं. एलडीएल 190 च्या वर असेल तर ते घराण्यातलं असू शकतं, मग तुमच्या मुलांपर्यंत तपासावं लागेल. लायपोप्रोटीन ए हा हृदयविकाराचा आनुवंशिक धोका दाखवणारा कोलेस्टेरॉलचाच एक प्रकार, त्याची तपासणी जन्मात एकदा पुरते, तीही सांगा.

आणि मृणाल, वडील तुमचेही आहेत. गुरुवारी वहिनीबरोबर दोन तास बसणारच आहात, तेवढ्यात तुमचंही रक्त द्या. लॅबला फोन करून राखाडी बुचाची नळी आहे ना, ते आधी विचारून घ्या.