मरून साडीची लिंबूपिवळी: एक फोटो, आठ रंग?

पेशवेपार्क: लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानाला साड्यांचे फोटो करून देतो. प्लेन सिल्क, जरीचा काठ, एकूण आठ रंग. मालक म्हणतात, मरून नेसवून एकदाच शूट करा, बाकीचे सात कॉम्प्युटरवर करा. बॉटल ग्रीन आणि जांभळा झकास झाले. लिंबूपिवळा मात्र शेणासारखा दिसतोय, आणि उजळवला तर निऱ्याच गायब! माझं मत, हे जमतं, माझंच काहीतरी चुकतंय. भागीदार म्हणतो, मुळात जमतच नाही, आठही नेसवा. कोण बरोबर?

अल्बमवाला: त्यात काय एवढं? फोटोशॉपमध्ये साडी नीट सिलेक्ट करायची, वर रंगाचा थर टाकायचा, मोड `Color`. लग्नाच्या अल्बमात नवरदेवाचे फेटे मी असेच बदलतो. घड्या जशाच्या तशा राहतात. सिलेक्शन चुकलं असणार तुमचं.

कसबा_डार्करूम: अल्बमवाले, फेटा केशरीचा गुलाबी करताना हे चालतं, कारण दोन्ही साधारण सारखेच उजळ. `Color` मोड रंग वरचा घेतो आणि उजेड-अंधार खालच्या फोटोतला ठेवतो. मरूनच्या अंधारावर पिवळा टाकला की शेणच होणार. काळोखातला पिवळा तसाच दिसतो. बॉटल ग्रीन म्हणूनच जमला, तोही मरूनइतकाच गडद.

आता उजळवल्यावर निऱ्या का गेल्या ते. `Hue/Saturation` मधला `Lightness` ओढला असणार. समजा खांद्यावर उजेड पडलेल्या जागी लाल चॅनेलचा आकडा 120 आहे आणि निरीच्या खाचेत 40. म्हणजे तिप्पट. `Lightness` +50 केलं की दोन्ही आकडे पांढऱ्याकडे अर्धी वाट चालतात: 120 चे 187, 40 चे 147. तिप्पट होतं ते सव्वापट उरलं. साडीवर पीठ चाळल्यासारखं दिसतं ते यामुळे. घडी म्हणजे हा पटीतला फरक, तोच तुम्ही पुसला.

मी असं करतो. `Channel Mixer` मध्ये `Monochrome` टिकमार्क, `Red` 100, बाकी दोन्ही 0. मरून कापडाच्या घड्या लाल चॅनेलमध्येच असतात, हिरव्या-निळ्यात नुसता काळोख आणि दाणे. मग `Curves` मध्ये वरचं उजवं टोक 255 वरून डावीकडे 128 पर्यंत सरकवायचं. 120 चे साधारण 240 झाले, 40 चे 80. पट तिप्पटच राहिली. आता हे राखाडी कापड झालं. त्यावर लिंबूपिवळा `Multiply` मोडमध्ये. हे सगळं अर्थातच साडीच्या मास्कमध्ये, आणि जरीचा काठ मास्कबाहेर.

निऱ्या_मोजणारी: दादा, गणित छान, पण खरी पिवळी साडी कधी जवळून बघितलीत का? मी साड्या नेसवायचं काम करते. पिवळ्या निरीच्या खाचेत असा काळोख नसतोच. एका निरीवरचा उजेड दुसरीवर उडतो आणि आतला पिवळा आणखी गडद, जवळजवळ केशरी दिसतो. मरून उजेड पिऊन टाकते, म्हणून तिच्या निऱ्या काळ्या. तुमची साडी पिवळी होईल, निऱ्या मरूनच्याच राहतील.

कसबा_डार्करूम: ताई, मान्य. 80 वर मी थांबत नाही, खालचं टोक थोडं उचलतो, नजरेने 100 च्या आसपास, आणि खाचांमध्ये रंग जरा केशरीकडे झुकवतो. पण किती, याचं सूत्र माझ्याकडे नाही. शेजारी खऱ्या पिवळ्या साडीचा एक फोटो ठेवूनच करावं लागतं.

भागीदार_मीच: म्हणजे पिवळी नेसवावीच लागली! मी काय वेगळं म्हणत होतो?

कसबा_डार्करूम: खुर्चीवर टाकलेली चालते हो, नेसवायला नको.

जोगेश्वरीची_नात: आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो आहे, नऊवारी शालू जवळजवळ काळा दिसतो. आई म्हणते तो लाल होता. याच पद्धतीने खरा रंग काढता येईल का?

कसबा_डार्करूम: रंग भरता येईल, काढता नाही येणार. राखाडीत रंगाची नोंदच नाही. पण आईंचं म्हणणं खरं असू शकतं: जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, तो फोटोत काळा येई. आईंवर विश्वास ठेवा आणि लाल भरा.

पेशवेपार्क: करून बघितलं. निऱ्या परत आल्या! दोन भानगडी. खांद्यावरची सिल्कची चमक सगळी पिवळीधम्मक झाली, साडी प्लॅस्टिकची वाटते. आणि खाचांमध्ये चौकोन चौकोन दिसतायत.

कसबा_डार्करूम: चौकोन म्हणजे तुम्ही जेपीईजीवर काम करताय. 40 चे 80 करताना दाणेही दुप्पट होतात. रॉ फाइल उघडा, 16 बिटमध्ये.

चमकेचं मजेदार आहे. सिल्कची चमक कापडाच्या रंगाची नसते, दिव्याच्या रंगाची असते, म्हणजे पांढरट. ती रंगातून वगळायची. शोधायची कशी? मूळ फोटोचा निळा चॅनेल बघा. मरून कापड तिथे जवळपास काळं दिसतं, म्हणून जिथे उजळ दिसेल तिथे चमकच आहे. तोच चॅनेल कॉपी करून सगळ्यात वर `Screen` मोडमध्ये ठेवा, साडीच्या मास्कमध्येच. चमक पांढरी परत येते. जरीला हे लावू नका, धातूची चमक त्याच्याच रंगाची असते.

अल्बमवाला: इतक्या उठाठेवीपेक्षा ऑफव्हाइट साडी नेसवून शूट करा आणि सगळ्यांवर `Multiply` मारा. गडद करणं सोपं, उजळ करणं कठीण.

कसबा_डार्करूम: यावेळी तुम्ही बरोबर, उजेड जपून ठेवलात तर. ऑफव्हाइटवर फ्लॅश जरा जास्त झाला की घड्या 255 ला जाऊन पुसतात, मग त्या कुठूनच येत नाहीत. आणि निऱ्या उलट उथळ दिसतील, ताई म्हणाल्या त्याच कारणाने.

पेशवेपार्क: मालकांना आता एका रंगात चौकडाही हवाय. `Displace` फिल्टर वापरू का?

निऱ्या_मोजणारी: फिल्टरचं मला कळत नाही, पण निरीत कापड आत जातं. चौकडा एका निरीवर तुटतो आणि पुढच्या निरीवर भलत्याच जागी सुरू होतो. पाच निऱ्यांवरून सलग रेघ गेलेली दिसली की मी लांबून सांगते, फोटो खोटा.

कसबा_डार्करूम: तेच. `Displace` फक्त उजेड बघतं: 128 राखाडीला डिझाइन जागेवर, त्याहून उजळ-गडद असेल तिथे इकडे-तिकडे सरकवतं. पदराच्या मऊ लाटांवर चालतं. लपलेलं कापड त्याला माहीतच नाही. निऱ्यांसाठी प्रत्येक पट्टी वेगळी कापून, थोडी सरकवून बसवा. अकरा निऱ्या असतील तर अकरा वेळा.

काठपदर: मी दुकानात बसतो, माझं ऐका. प्लेन साडीपर्यंत ठीक. धूपछावला हात लावू नका. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, घडी वळली की रंगच बदलतो. एका रंगाच्या फोटोतून ते येणार कुठून? आणि गिऱ्हाईक साडी परत आणतं ते निऱ्यांसाठी नाही, "फोटोत वेगळा होता" म्हणून. फोटो बनवलेला आहे हे खाली लिहायला हवं.

भागीदार_मीच: लिहिलं की विकत घेणार कोण?

काठपदर: न लिहिता विकून परत घेणार कोण?

पेशवेपार्क: भांडू नका. ठरलं: पिवळी आणि चौकडा नेसवून, बाकी कॉम्प्युटरवर. खाली लिहायचं की नाही ते मालकांना विचारतो. पिवळीचा आधीचा प्रयोग तेवढा बघा, आता ठीक आहे ना?

निऱ्या_मोजणारी: साडी छान. पण हनुवटीखाली आणि दंडाच्या आतल्या बाजूला अजून मरून झाक आहे.