‘मेल्या’चं हिंदी कसं करायचं?

कानपूरची_सून
सासरी फजिती झालीय. नव्वदीच्या आजीचा व्हिडिओ सासूबाईंना दाखवत होते. त्यात आजी माझ्या सहा वर्षांच्या लेकाला म्हणते, ‘मेल्या, किती वाळलास रे! जेवतोस की नाही?’ सासूबाईंनी अर्थ विचारला आणि मी घाईत शब्दाला शब्द ठेवून दिला, ‘अरे मरे हुए, कितना सूख गया!’ त्यांनी पोराला ओढून मांडीवर घेतलं. ‘शुभ-शुभ बोलो’ म्हणाल्या, ते आजीला की मला कळलं नाही. आजी तर लाडात बोलत होती. मग हिंदीत गेल्यावर ते एवढं अभद्र का झालं?

वाटाड्या
सेम! आमचे हिंदी साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, ‘पूरी चेष्टा कीजिए’. मी मनात म्हटलं, कुणाची करू?

जुनी_पाटी
वाटाड्या, ते निराळं. तिथे शब्द तोच आणि अर्थ दोन, हिंदीत प्रयत्न नि मराठीत थट्टा. यांचा प्रश्न उलटा आहे, अर्थ बरोबर नेला तरी घोटाळा झाला.

माझ्या मते ‘मेल्या’तलं मरण मराठीनं कधीच काढून टाकलंय. पुरावा घरातच आहे. ‘मेलेला उंदीर’ म्हटलं की केरसुणी-सुपली घेऊन जायचं. ‘तो मेला उंदीर पुन्हा आला’ म्हटलं की उंदीर ठणठणीत आहे, म्हणून तर वैताग. खरं मरण सांगायला ‘मेलेला’ आहे, ‘मेला’ उरला चिडायला नि लाडाला. म्हणून तो कधी जिवंतच नसलेल्या वस्तूंनाही चालतो. मेली शेगडी पेटत नाही, मेलं पेन सापडत नाही. ‘मरे हुए’ला हिंदीत असं दुसरं काम नाही. तो ऐकला की प्रेतच दिसतं, आणि तुम्ही तर तो लहान मुलाला लावलात.

सोनचाफा
पण ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ या म्हणीतली म्हैस खरीच मेलेली आहे ना?

जुनी_पाटी
पकडलंत. म्हणीत जुनं रूप टिकून राहिलंय. म्हणजे माझी वाटणी मी सांगितली तितकी काटेकोर नाही. रोजच्या बोलण्यात मात्र ती पाळली जाते.

अण्णा_वाईकर
मूळ कारण दृष्ट. मुलं जगत नसत, म्हणून धोंडू, केरू अशी नावं ठेवत. ‘मेल्या’ म्हटलं की यमाला वाटतं, इथलं काम झालेलं आहे.

सोनचाफा
नावांचं पटतं, अण्णा. पण शेगडीला कुणाची दृष्ट लागते? आणि आमची आई स्वतःलाच म्हणते, ‘मी मेली विसरलेच’.

अण्णा_वाईकर
शेगडीवर नंतर गेला असेल शब्द. आधी मुलंच.

तेरेखोल
आमच्या मालवणीत बाप्येही दोस्ताला ‘काय रे मेल्या’ म्हणतात, तो बायकांचाच शब्द नाही. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा फोनवर मित्राला ‘आवशीक खाव, खंय होतंस?’ म्हटलं, तर शेजारच्या टेबलावरची मुलगी बघतच राहिली. तिच्या कानाला ‘आईला खा’ ऐकू आलं. मला फक्त ‘अरेच्चा’ म्हणायचं होतं. तिच्याशी तर मी मराठीतच बोलायचो!

जुनी_पाटी
आणि मरणाचा प्रत्येक शब्द असा निवलेला नसतो. ‘मुडदा बशिवला तुझा’ यात अर्थ तोच, पण तो शब्द अजून चावतो. सवयीनं कुठला शब्द किती बोथट झाला, हे त्या भाषेत वाढलेल्यालाच कळतं.

कानपूरसाठी सांगतो, हिंदीत याचा सख्खा भाऊ आहे, ‘मुआ’, ‘मुई’. तोही ‘मृत’वरूनच आलेला, तोही जास्त करून बायकांच्या तोंडी, आणि त्यातलंही मरण असंच विरलेलं. गुजरातीतही ‘मूआ’ आहे. सासूबाईंना ‘मुए, कितना दुबला हो गया’ म्हणाला असतात, तर हसल्या असत्या.

कानपूरची_सून
आत्ताच विचारून आले. ‘मुआ’ ऐकून खरंच हसल्या! म्हणाल्या, त्यांची नानी असं बोलायची. पण नवऱ्याला तो शब्द जुन्या सिनेमातला वाटतो. तो म्हणतो, ‘कमबख्त’ घाल.

सोनचाफा
‘कमबख्त’ शेगडीला फिट बसेल. नातवाला जरा कडक वाटतो. मुलासाठी ‘शैतान’ घे, त्यात लाड आहे.

अण्णा_वाईकर
शैतान? मग मेल्याच बरा होता की!

कानपूरची_सून
व्हिडिओखाली हिंदी ओळी लिहितेय, त्यात मुलाला ‘मुए’च ठेवतेय, सासूबाईंच्या शब्दावर. पुढे आजी चष्मा शोधताना म्हणते, ‘कुठे ठेवला मी मेलीनं!’ तिथे ‘मुई’ घातलं तर सासूबाई म्हणतात, स्वतःला असं कोण म्हणतं? तिथे काय लिहू?