तोंडी परीक्षेतला फोन : "कृपया फोन द्या" यात विनंती कुठे कमी पडते?

घाटकोपरची आई
लेक सातवीत आहे, इंग्रजी माध्यम, परवा मराठीची तोंडी झाली. चिठ्ठी उचलायची आणि त्यातला प्रसंग बाईंबरोबर करून दाखवायचा. हिच्या चिठ्ठीत होतं, मैत्रिणीच्या घरी फोन कर, मैत्रीण घरी नाही, आजी फोन उचलतात, त्यांच्याकडे निरोप ठेव. बाई झाल्या आजी. ही म्हणाली, "हॅलो, माझं नाव अनन्या आहे. कृपया आर्याला फोन द्या." आर्या नाहीये म्हटल्यावर, "कृपया तिला सांगा उद्या प्रोजेक्टची फाईल आणायची आहे. धन्यवाद." संपलं. पाचापैकी तीन आणि शेरा "विनंती नीट नाही". दोनदा कृपया म्हटलंय, दे नाही द्या म्हटलंय, मग विनंती अजून कशी करायची असते? मार्कांसाठी भांडायचं नाहीये मला, तिला नीट सांगता यावं म्हणून विचारतेय.

समीर, कुर्ला
ताई, कृपया हा शब्दच बोलण्यात चालत नाही, तो पाटीवरचा शब्द आहे, "कृपया चपला बाहेर काढाव्यात" टाईप. बोलताना कुणी म्हणालं तर चूकच धरायला पाहिजे. आणि हॅलो पण नको, सरकारने हॅलो बंद करून वंदे मातरम म्हणायला सांगितलंय ना, शाळेत तेच चालतं आता.

गिरगावातल्या बाई
समीर, अर्धं बरोबर आहे तुमचं. वंदे मातरमचा जीआर ऑक्टोबर २०२२ चा, तो कर्मचाऱ्यांनी फोनवर काय म्हणावं याबद्दल होता, मुलांच्या तोंडी परीक्षेशी त्याचा संबंध नाही. मुलीने हॅलो म्हटलं ते ठीकच आहे.

कृपया चूक नाही. अर्जात, पाटीवर, स्टेशनवरच्या "कृपया इकडे लक्ष द्या" मध्ये तो छान बसतो, कारण तिथे बोलणारा कुणा एकाशी बोलत नसतो आणि ऐकणाऱ्याने उलट काही म्हणावं अशी अपेक्षाही नसते. आजींना फोनवर तोच शब्द लावला की त्या एकदम गर्दीत जाऊन बसतात. बाईंना तेच खटकलं असणार.

मी बरीच वर्षं तोंडी घेतली आहे. मुलांची गडबड इथेच होते, त्यांना वाटतं की आदर म्हणजे विनंती. "द्या" मध्ये आदर आहे पण ती आज्ञाच आहे, आदराने केलेली आज्ञा. विनंती कधी होते, तर समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवली की. "देता का?", "द्याल का?" हे प्रश्न आहेत म्हणून तिथे जागा आहे. त्यात "जरा" घातलं की काम लहान वाटतं, "जरा देता का तिला?" कृपया न वापरता हे जास्त नम्र झालं.

विदर्भवाला ठाण्यात
आमच्या नागपूरकडे "देऊन द्या ना जी तिले" म्हणतात आणि कुणाला राग येत नाही, उलट गोड वाटतं. इथे आल्यावर ऑफिसात एकीला म्हटलं "फाईल देऊन द्या ना" तर ती म्हणाली ऑर्डर का सोडताय. मग परीक्षेत असं बोलणाऱ्या पोराचे मार्क कापायचे का?

गिरगावातल्या बाई
मी कापले नसते. तुमच्याकडचं "ना" आणि "जी" तेच काम करतंय जे इकडे "जरा" आणि "का" करतात. पण सगळे परीक्षक असा विचार करत नाहीत, हेही खरं.

डोंबिवली फास्ट
एवढं काय त्यात, मे आय स्पीक टू आर्या प्लीज, झालं. आम्ही कॉल सेंटरला हेच शिकवतो, शेवटी हॅव अ नाईस डे. मुलीला पाठ करून घ्या.

घाटकोपरची आई
दादा, मराठीची तोंडी आहे हो, इंग्रजीची नाही. पण तुमच्यावरून आठवलं, क्लासच्या सरांनी तिला "मी आर्याशी बोलू शकते का?" असं सांगितलंय, ते चालेल का?

गिरगावातल्या बाई
चालेल, मार्कही मिळतील, पण ते सरळ इंग्रजीवरून उतरलेलं आहे. मराठी घरात आपण काय विचारतो? "आर्या आहे का?" एवढंच. आणि यातच विनंती आलेली असते. आजी एक तर "हो, देते हं" म्हणतात, नाहीतर "नाही गं, क्लासला गेलीये". फोन द्या म्हणायची वेळच येत नाही. मुलांना हे सांगितलं की त्यांचं अर्धं टेन्शन जातं.

अनन्याचा प्रसंग पूर्ण लिहून देते, पाठ करायला नाही, नुसता कानावर पडावा म्हणून.

"हॅलो, आजी, नमस्कार. मी अनन्या बोलतेय, आर्याच्या वर्गातली. आर्या आहे का?"
"नाही गं, क्लासला गेलीये. काही काम होतं का?"
"हो आजी, तिला एक निरोप द्याल का? उद्या प्रोजेक्टची फाईल आणायची आहे, बाईंनी आज सांगितलंय."
"कुठली फाईल?"
"विज्ञानाची. निळी."
"विज्ञानाची निळी फाईल उद्या न्यायची. सांगते हं."
"हो आजी. बरं, ठेवते मग."
"हो, ठेव बाळा."

"माझं नाव अनन्या आहे" हे फोनवर मुलाखतीसारखं वाटतं, "मी अनन्या बोलतेय" म्हणायचं आणि लगेच कुणाची कोण ते सांगायचं. "आर्याच्या वर्गातली" आलं नाही तर आजी "कोण अनन्या?" विचारणारच. परीक्षकाने "कोण?" विचारलं की समजायचं, सुरुवात कमी पडली. मुलीने "बोलतोय" म्हणू नये याकडेही लक्ष द्या, घरी मराठी नसलेल्या मुलींचं तिथे हमखास चुकतं.

समीर, कुर्ला
बाई, पण यात धन्यवाद कुठेच नाही, परीक्षेत त्याचा मार्क असेल तर?

गिरगावातल्या बाई
असू शकतो. मार्कांची काळजी असेल तर "सांगते हं" नंतर "थँक्यू आजी" म्हणू दे, मुंबईत मुलं तसंच बोलतात. "धन्यवाद" वाचनालयात किंवा दवाखान्यात फोन करायचा प्रसंग असेल तर जास्त शोभतं, तिथे समोरचा अनोळखी असतो. तिथे "आहे का?" वर पण भागत नाही, "अमुक पुस्तक आहे का ते जरा बघून सांगाल का?" असं पूर्ण विचारावं लागतं.

पण अनन्याचा शेवट तुटला तो धन्यवादमुळे नाही. तिने निरोप सांगितला आणि आजींना "सांगते" म्हणायचीही संधी न देता बंद केलं. आजींनी निरोप परत म्हटला की कळतं तो पोचलाय. मग "बरं", मग "ठेवते". हे "बरं" फार महत्त्वाचं, त्याने समोरच्याला कळतं की आता आवरतंय, त्यांना काही सांगायचं राहिलं असेल तर ते त्याच वेळी सांगतात. नुसतं "ठेवते" म्हटलं तर फोन आपटल्यासारखं होतं.

विदर्भवाला ठाण्यात
मोठ्या माणसाला "ठेवते" कसं म्हणायचं? "ठेवू का?" पाहिजे ना. आमच्या घरी मोठ्यांनी ठेवायच्या आधी लहानाने फोन ठेवला तर बोलणी बसायची.

गिरगावातल्या बाई
ठेवू का जास्त अदबीचं आहे, मान्य. पण बारा वर्षांची मुलगी मैत्रिणीच्या आजीला "ठेवू का" म्हणाली तर मला थोडं जड वाटतं. "ठेवते हं" मध्ये तो "हं" पुरतो, असं माझं मत.

विदर्भवाला ठाण्यात
मला नाही पटत, पण ठीक आहे.

घाटकोपरची आई
काल रात्री तिला आजी करून मी अनन्या झाले, मग उलट केलं. "आहे का?" लगेच जमलं, "बरं" मात्र विसरते, निरोप दिला की सुटल्यासारखं बंदच करते. आणि तिनेच विचारलं की फोन आर्याच्या दादाने उचलला तर काय म्हणायचं, तो दहावीत आहे, अहो म्हणायचं की अरे?

समीर, कुर्ला
दादा म्हणायचं आणि तू.

गिरगावातल्या बाई
ओळखीचा असेल तर हो, "दादा, आर्या आहे का? तिला एक निरोप देशील का?" पण चिठ्ठीत नुसतं "मोठा भाऊ" लिहिलं असेल आणि समोर परीक्षक बसले असतील, तर मुलं गोंधळून तुम्हीवर जातात, आणि काही परीक्षकांना तेच बरं वाटतं. तिच्या शाळेतल्या बाईंना विचारून घ्या.