मदत हवी आहे : विषुवांशातील सात मिनिटे म्हणजे आकाशात किती अंतर?

शर्वरी : नमस्कार. देवयानी दीर्घिकेचा विषुवांश ० तास ४२.७ मिनिटे आणि क्रांती उत्तर ४१ अंश १६ मिनिटे आहे. तिच्या जवळचा, देवयानीतील न्यू हा तारा ० तास ४९.८ मिनिटे आणि उत्तर ४१ अंश ५ मिनिटे येथे आहे. २४ तासांचे ३६० अंश या हिशेबाने दोघांमधील सात मिनिटांचे पावणेदोन अंश होतात, परंतु नकाशाच्या कडेवरील क्रांतीच्या पट्टीने मोजल्यास सव्वा अंशाहून थोडेसेच अधिक भरते. यातले खरे कोणते?

रानवाट : मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, त्यामुळे दीर्घिका ताऱ्याला जवळजवळ चिकटूनच दिसायला हवी. विषुवांश पूर्वेकडे वाढत जातो आणि नकाशात उत्तर वर धरली की पूर्व डावीकडे येते, म्हणून ती ताऱ्याच्या उजवीकडे शोधावी.

अभिजित_नाशिक : रानवाट यांनी सांगितलेली दिशा बरोबर आहे, पण मिनिटांबाबत त्यांची गल्लत झाली आहे. क्रांतीचे मिनिट अंशाचे असते, तर विषुवांशाचे मिनिट वेळेचे असते आणि खगोलीय विषुववृत्तावर ते अंशाच्या १५ मिनिटांएवढे भरते. विषुवांशाच्या सर्व रेषा ध्रुवाशी एकत्र येत असल्यामुळे उत्तरेकडे जाऊ तसे त्यांच्यातील अंतर कमी होते. म्हणून आलेल्या उत्तराला क्रांतीच्या कोज्येने गुणावे लागते. ७.१ गुणिले १५ म्हणजे १०६ मिनिटे, आणि ४१ अंशांची कोज्या साधारण ०.७५, म्हणजे ८० मिनिटे, अर्थात १ अंश २० मिनिटे. शर्वरी, तुमची पट्टी खरे सांगते आहे. ही रीत मात्र अंतर लहान असेल आणि दोन्ही क्रांती जवळपास सारख्या असतील तेव्हाच वापरावी. १० × ५० च्या द्विनेत्रीत साधारण सहा अंश आकाश मावते, त्यामुळे न्यू तारा मध्यावर आणला की दीर्घिकेचा धूसर डाग त्याच दृश्यात येतो.

मोरेश्वर : माझ्या जुन्या नकाशात हीच दीर्घिका ० तास ४० मिनिटे आणि ४१ अंशांवर छापली आहे. छपाईची चूक असेल का?

अभिजित_नाशिक : चूक नाही, तो नकाशा १९५० च्या संपातावर बेतलेला असणार. संपातचलनामुळे सगळ्याच ताऱ्यांचे आकडे सरकतात, त्यामुळे एकाच नकाशातील दोन वस्तूंमधील अंतर बदलत नाही. मात्र तारा एका नकाशातून आणि दीर्घिका दुसऱ्यातून घेतली, तर येथे सुमारे अर्ध्या अंशाची चूक होते. वर्ष छापलेले नसेल तर अल्फा देवयानी पाहावा : १९५० च्या नकाशात तो ० तास ५.८ मिनिटांवर असतो, २००० च्या नकाशात ८.४ वर.

शर्वरी : मनःपूर्वक आभार, माझे दोन्ही आकडे २००० चेच आहेत. पण मोबाइलमधील ॲप दीर्घिकेचा विषुवांश ० तास ४४ मिनिटे दाखवते. तो आजच्या तारखेचा असावा असे वाटते. ॲपमध्ये २००० चे आकडे कोठे निवडता येतात, हे कोणी सांगू शकेल का?