अनुभव धागा: सॉफ्टवेअरवाल्यांना बग कळवला, मग काय झालं?

रामबागची_मावशी (इंदूर)

मंडळी, तुम्ही कधी सॉफ्टवेअरच्या सपोर्टला ईमेल लिहून गडबड कळवली असेल तर अनुभव लिहा, आधी माझा सांगते, लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या इथल्या एका छोट्या मराठी वाचनालयाची सभासद यादी मी सांभाळते. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे, नाव सांगत नाही. एक दिवस बऱ्हाणपूरकर काका पुस्तक बदलायला आले, मी नाव टाकलं तर "रेकॉर्ड सापडले नाही". काका म्हणे अगं मी पस्तीस वर्षं सभासद आहे! खाली सरकत सरकत यादी बघितली तर नाव तिथेच, डोळ्यासमोर, अगदी तसंच लिहिलेलं. मग गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर सगळे शोधून पाहिले. अशी नावं यादीत 14 आणि शोधल्यावर सापडली 5.

पहिला मेल मी असा पाठवला: "आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सर्च चालत नाही, लवकर दुरुस्त करा." सोबत चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यात मध्येच फोन वाजतो, मी कुणाला तरी पोहे झाकून ठेवायला सांगते, आणि पडद्यावर सभासदांचे मोबाइल नंबर सरळ दिसतायत. हे शेवटचं माझ्या लक्षातच आलं नाही, भाच्याने सांगितलं तेव्हा घाम फुटला.

उत्तर दोन दिवसांनी: आमच्याकडे सर्च व्यवस्थित चालतो, आपली आवृत्ती कळवा. आवृत्ती म्हणजे काय तर मी लिहिलं "लेटेस्ट". पुन्हा दोन दिवस गेले. नंतर हेल्पमधल्या अबाउटमध्ये पाहिलं तर काउंटरच्या कंप्युटरवर 4.1.6 आणि आतल्यावर 4.2.0, म्हणजे लेटेस्ट नक्की कुठलं ते मलाच ठाऊक नव्हतं. पुढचं रात्री लिहिते.

लष्करचा_निवृत्त (ग्वाल्हेर)

ताई, हा फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, लिहून घ्या. आमच्या बँकेत असंच व्हायचं, एका मशीनवर अक्षर नीट आणि दुसऱ्यावर चौकोन. सगळीकडे मंगल फॉन्ट टाका, सपोर्टला मेल करायची गरजच नाही.

दांडियाबाजार_टेस्टर (वडोदरा)

काका, फॉन्ट बदलल्याने फक्त दिसणं बदलतं, शोधताना सॉफ्टवेअर फॉन्ट बघत नाही, आतले आकडे बघतं. पण तुमचं अर्धं बरोबर आहे, कारण फॉन्ट चांगला असला की तीन वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेलं ऱ्ह एकसारखंच दिसतं आणि घोळ लपतो.

मी टेस्टिंगमध्ये आहे, तेव्हा मेलच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते सांगतो. मावशींचा पहिला मेल ज्याने उघडला तो बहुतेक मराठी वाचत नसणार. त्याने मेलमधलं नाव कॉपी केलं, नवा सभासद म्हणून पेस्ट केलं, तेच पुन्हा सर्चमध्ये पेस्ट केलं. सापडलं! सापडणारच, दोन्हीकडे तीच अक्षरं गेली. मग त्याने लिहिलं "आमच्याकडे चालतं", आणि तो खोटं बोलत नव्हता. म्हणून स्टेप लिहिताना "नाव टाका" असं लिहू नये, टाइप केलं की पेस्ट केलं, आणि कुठल्या कीबोर्डने, हे लिहावं लागतं. याच एका शब्दावर माझे कितीतरी दिवस गेलेत.

मावशी, एक करा. यादीतलं नाव एक्सेलच्या A1 मध्ये पेस्ट करा, तुम्ही टाइप केलेलं A2 मध्ये, आणि शेजारी हे टाका (एक्सेल 2013 किंवा नंतरचं हवं):

```
=LEN(A1)
=UNICODE(MID(A1,4,1))
```

सराफ्यातला_बंड्या (इंदूर)

भिया माझाही सेम लोचा, पण तारखांचा. बँकेचं स्टेटमेंट आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो तर 3 एप्रिलची एंट्री 4 मार्चला जाऊन बसायची, आणि 13 एप्रिलची मात्र बरोबर. महिनाभर मला वाटलं बायकोने हात लावला. सपोर्टने त्यांची फाइल बनवून बघितली, त्यात तारीख होती 25, चाललं, केस बंद. मी परत लिहिलं की अहो 12 पर्यंतच्याच तारखा उलटतात, तेराव्या तारखेला तेरावा महिना कुठून आणणार, आणि दोन ओळींची फाइल जोडली, एक 03/04 ची आणि एक 13/04 ची. त्याच दिवशी फोन आला. व्हिडिओ पाठवलाच नाही मी, फाइल पुरली.

नारायणबाग_72 (इंदूर)

माझ्या गॅसच्या बुकिंगचा ओटीपी येत नाही, यांना मेल केला तर होईल का? रेकॉर्डिंग कशाचं करायचं, येतच नाही तर?

सराफ्यातला_बंड्या

काकू, तो धागा वेगळा 😀 आधी मोबाइलचा इनबॉक्स भरलाय का बघा.

रामबागची_मावशी

टेस्टर भाऊ, केलं! माझं टाइप केलेलं 11 अक्षरं आणि यादीतलं 12. दिसायला जुळे भाऊ, मोजले तर एक जास्त. दुसऱ्या फॉर्म्युल्याने माझ्या नावाला 2361 आलं, काकांच्या जुन्या नोंदीला 8205, आणि आमची एक मुलगी फोनवरून नावं भरते तिच्या नोंदीला 2381. म्हणजे एकाच घरातले तीन बऱ्हाणपूरकर तीन प्रकारचे!

दांडियाबाजार_टेस्टर

बरोबर. 2361 म्हणजे चौथं अक्षर साधा ह, कारण तुम्ही ऱ हे एकच अक्षर टाइप केलं, इनस्क्रिप्टवर शिफ्ट जे. फोनवाल्या नोंदीत र आणि त्याखाली वेगळा नुक्ता आहे, म्हणून पाय मोडायची खूण एक घर पुढे सरकून चौथी झाली, तिचा नंबर 2381. आणि 8205 म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह, र चा पाय मोडून मग ते टाकलं की तोच चंद्रकोरीसारखा र दिसतो. जुनी यादी पूर्वीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून घेतलेली आहे का? तिथूनच आलं असणार.

रामबागची_मावशी

हो, 2014 साली एकाकडून बदलून घेतली होती.

आता दुसरा मेल. हिंदीत गेला, इथे मराठीत टाकते:

> विषय: 4.2.0 – ऱ असलेली आडनावं सर्चमध्ये सापडत नाहीत
>
> आवृत्ती 4.2.0, विंडोज 11, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. 4.1.6 वरही हेच होतं.
>
> 1. रिकामी यादी उघडा, सोबतची तीन ओळींची फाइल आयात करा.
> 2. यादीत तिन्ही नावं सारखीच दिसतील.
> 3. सर्चच्या चौकटीत नाव कीबोर्डने टाइप करा, पेस्ट करू नका. ऱ साठी शिफ्ट आणि जे.
> 4. एंटर.
>
> व्हायला हवं: तिन्ही नोंदी. होतं काय: फक्त पहिली.
>
> तिन्ही नावांचं चौथं अक्षर अनुक्रमे 2361, 2381, 8205 आहे. रेकॉर्डिंग 28 सेकंदांचं, आवाज नाही. सगळी नावं आणि नंबर खोटे आहेत.

रेकॉर्डिंगचीही एक गंमत. आधी जुन्या कंप्युटरवर विंडोज, आल्ट आणि आर दाबून केलं. बघते तर त्यात फक्त सॉफ्टवेअरची खिडकी, खालची पट्टी आलीच नाही, आणि कीबोर्ड मराठी आहे हे त्या पट्टीवरच दिसतं ना! मग भाच्याच्या विंडोज 11 वर स्निपिंग टूलने पूर्ण पडदा घेतला, म्हणून मेलमध्येही विंडोज 11 लिहिलं. शिवाय ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा ठेवून त्यावर माउसने एकेक अक्षर दाबलं, म्हणजे मराठी न येणाऱ्यालाही मोजता येईल.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, या वेळी खालच्या माणसाचं नाही, प्रोग्रामरचं. म्हणे सापडलं, आम्ही अक्षरं एकसारखी करून घेत नव्हतो. पंधरा दिवसांनी 4.2.1 आलं.

लष्करचा_निवृत्त

फॉन्ट नाही म्हणता मग. बरं. पण इतके आकडे काढायला कुणाला वेळ आहे? पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्यांची तपासणीही आपणच करायची, हे मला पटत नाही.

दांडियाबाजार_टेस्टर

काका, रास्त आहे तुमचं. आकडे नसते तरी ती तीन ओळींची फाइल आणि "पेस्ट करू नका" एवढ्यावर काम झालं असतं. नावाचा फोटो मात्र नको, फोटोत तिन्ही सारखीच दिसतात आणि रेकॉर्डिंगमध्येही. रेकॉर्डिंगने कीबोर्ड आणि क्रम कळतो, नावात काय दडलंय ते फाइलनेच कळतं.

मावशी, 4.2.1 मध्ये तिन्ही सापडतात?

रामबागची_मावशी

तेच सांगणार होते, दोनच! फोनवाली सापडते, जुनी 8205 वाली नाही. आणि आमच्याकडे जुन्याच जास्त, 14 मधल्या 7.

सराफ्यातला_बंड्या

मग ते न दिसणारं चिन्ह सगळीकडून उडवून टाका ना, विषय संपला.

दांडियाबाजार_टेस्टर

नको नको! ते काढलं की र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर जाईल, बर्हाणपूरकर असं दिसेल आणि काका पुन्हा काउंटरवर येतील. मराठीत दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत, तो फरक जुन्या नोंदींमध्ये त्या एका चिन्हावरच टिकून आहे.

त्यांनी बहुतेक युनिकोडचं ठरलेलं एकसारखं करणं लावलंय, त्यात र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, पण जोडचिन्हाला ते हात लावत नाही. शोधण्यापुरतं पाय मोडलेला र आणि जोडचिन्ह यांना ऱ मानायचं, साठवलेलं तसंच ठेवायचं, असं वेगळं लिहावं लागेल. जुन्याच मेलच्या उत्तरात लिहा, नवा मेल केलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि आवृत्ती आता 4.2.1 लिहा.

रामबागची_मावशी

लिहिलं काल. उत्तर आलं, "पुढच्या आवृत्तीत बघू, तारीख सांगता येत नाही." तोवर त्या सात जणांचे सभासद क्रमांक एका कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलेत. बऱ्हाणपूरकर काकांनी बघितला आणि म्हणाले, पूर्वी रजिस्टर होतं तेव्हा असाच कागद असायचा.

नारायणबाग_72

इनबॉक्स भरला नव्हता. नंबर जुना होता, मुलाचा.